कधीही चालेल

ओळखपाळख नसताना तिने कॉलेजच्या एका माजी विद्यार्थिनीला मेल धाडला होता: करिअरबद्दल पंधरा मिनिटं बोलायचंय, कधीही चालेल. आज उत्तर आलं, "उद्या अकरा वाजता."

उद्या अकरालाच तिची प्रॅक्टिकल परीक्षा! नाही म्हणावं तर बाई हातची जाते, हो म्हणावं तर वर्ष.

"आपल्याच हातानं गळ्यात दावं बांधलंस," मटार सोलता सोलता आत्या म्हणाली. "खरं कळव. परीक्षा म्हणजे काय चोरी आहे?"

तिने परीक्षेचं लिहिलं, माफी मागितली, आणि शेवटी बोटं पुन्हा तिथेच गेली: एकनंतर कधीही चालेल.

"खोड ते कधीही!" फोनमध्ये डोकावत आत्या कडाडली. "दीड ते तीन लिही."

मेल गेला. पुस्तक उघडं, पण नजर फोनवर. तासाने दोनच शब्द आले: "दोनला बोलू."

"घे आता श्वास," आत्या म्हणाली.