साहेबांना माझा पासवर्ड हवा

ऑफिसच्या फाइल्स ठेवायचं क्लाउड सबस्क्रिप्शन माझ्या खासगी ईमेलवर घ्यायला साहेबांनीच लावलं होतं. "तुझं काय नि आमचं काय, आपण घरचेच!"

आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस, तर म्हणाले, "पासवर्ड देऊन जा." त्याच खात्यात आईचे दवाखान्याचे रिपोर्ट, लेकीचे फोटो! माझं डोकंच फिरलं.

ऑफिसच्या फाइल्स कंपनीच्या नव्या खात्यात हलवल्या, त्या उघडतात हे साहेबांना दाखवलं, मग जुनं सबस्क्रिप्शन रद्द करून त्याचे पैसे भरायला जोडलेलं कंपनीचं कार्ड खात्यातून काढून टाकलं.

"तुमचं काहीही माझ्याकडे उरलं नाही."

"ते ठीक. पण पासवर्ड?"

मी त्यांच्यासमोर हात पसरला. "आधी तुमच्या घराची किल्ली द्या. आपण घरचेच ना, साहेब?"