मंजुरीच्या आधीचं पत्र

पंधरा ऑगस्ट, बुधवार. कारखान्यातले लूम बंद होते, बँक बंद होती, कॉलेज बंद होतं. म्हणून रुपराव दिवसभर घरी होते. कामठीच्या त्या दोन खोल्यांत ते असं भरदिवसा क्वचितच दिसत. सकाळी त्यांनी सायकल उलटी करून चेन साफ केली, मग ओट्यावर बसून काकडीच्या फोडी तिखटमीठ लावून खाल्ल्या. बायको रुखमाबाई आतून म्हणाल्या, "सुट्टी सरकारची अन् त्रास माह्या. सकाळपासून तीनदा चहा झाला."

"चवथा ठेव मंग," रुपराव हसले. "उद्या मी नागपुरात राहीन, तुले आरामच हाय."

मुलगी गोपिका उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. उद्याचं नाव निघताच तिचे हात थांबले.

गोष्ट अशी होती. हिंगण्याकडच्या नव्या खाजगी इंजिनीयरिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. तिथे सरकारी सवलत नव्हती. नाव नोंदवायला लागलेले हजार रुपये रुपरावांनी भरले होते. उरलेली पहिल्या वर्षाची फी अठरा तारखेपर्यंत भरायची, नाहीतर यादीतला पुढचा मुलगा आत. कामठीच्या बँकेतून कर्ज मागितलं होतं. पण चार वर्षांची रक्कम शाखेच्या अधिकाराबाहेरची, म्हणून अर्ज नागपूरला, सिव्हिल लाइन्सच्या विभागीय कार्यालयात गेला होता आणि तिथेच अडकला होता. मॅनेजर मधुकररावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पैसा तुमच्या हातात येणार नाही. दर वर्षी कॉलेज फीचं पत्र देईल, तुम्ही मागच्या परीक्षेची गुणपत्रिका आणाल, आणि आम्ही प्राचार्यांच्या नावाचा ड्राफ्ट काढू. तुम्ही फक्त पावती बघायची."

रुपरावांना ते आवडलं होतं. "चांगलं हाय," ते घरी येऊन म्हणाले होते. "माह्या हातात आला तर कोणाची तरी नजर लागन."

सोमवारी मधुकररावांनी एक पत्र टाइप करून दिलं. अर्ज विचाराधीन आहे, मंजुरी अपेक्षित आहे, फीला मुदत द्यावी, एवढाच मजकूर. ते म्हणाले, "हे खिडकीवर दे. बहुतेक कॉलेजं ऐकतात."

मंगळवारी गोपिका ते घेऊन कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. आत गणपतराव नावाचे कारकून होते, मोठ्या आवाजाचे. तिच्या पुढच्या मुलाने तसंच एका बँकेचं पत्र सरकवलं. गणपतरावांनी ते उजेडात धरलं. "अरे, हे काय आणलं गा? कागदाची फी? उद्या म्हणशीन, कागदाचीच डिग्री द्या!" रांग हसली. त्या मुलाच्या कानाची पाळी लाल झालेली तिला मागून दिसली. मग हसत हसतच गणपतरावांनी रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं, पत्रावर शिक्का मारला आणि म्हणाले, "जा, महिनाभर सुटला तू. पुढचा."

पुढची गोपिका होती. तिच्या मागे त्याच वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या, छान इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसमधल्या. तिने पत्र वहीत घातलं आणि रांगेतून बाहेर पडली. मंजुरी एवीतेवी दोन दिवसांत येईलच, असं तिने बस येईपर्यंत स्वतःला पाच-सहा वेळा सांगितलं.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून आलं, "नाही घेतलं त्यांनी."

"काहून?"

"म्हणाले, पैसे आणा."

 आणि आज, सुट्टीच्या दिवशी, त्यांचा बेत पक्का झाला होता. रात्री लूम पुन्हा सुरू होणार होते, त्यांची पाळी होती. ती करून सकाळी तसंच सायकलने नागपूर गाठायचं, विभागीय कार्यालय उघडायच्या आत दारात उभं राहायचं.

"शाखेतून फोन करा म्हणा ना त्यांना," गोपिका म्हणाली. "पाळी करून कुठे जाता?"

"फोनले कोण भेते? माणूस पुढे उभा असला की सही होते." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू काहून तोंड पाडून बसली वं? तुही जागा जाऊ देतो का मी?"

खरं सांगायला तिला त्या दिवशी दहा-अकरा तास मिळाले. जेवताना, पान लावताना, ते शर्टाला बटण लावून मागत होते तेव्हा. तिने बटण लावून दिलं.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला कामठी रोडवर एका ट्रकने त्यांना मागून उडवलं. लोक म्हणाले, सायकल आपणहूनच मधे आली. माणूस पेंगत असावा.

विभागीय कार्यालयातली सही मंगळवारीच झाली होती. सुट्टीमुळे मंजुरीचं पत्र कामठीला शुक्रवारी पोहोचलं. पण जामीन राहणारे रुपरावच गेले होते. कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्याशिवाय ड्राफ्ट निघत नाही. मधुकररावांनी मंजुरीपत्राची नक्कल शनिवारी शिपायाबरोबर कॉलेजला पाठवली.

तेरवी झाल्यावर गोपिका, रुखमाबाई आणि मामा महादेवराव बँकेत गेले. मामा रेल्वेत होते, पगाराचा दाखला घेऊन आले होते. आता जामीन ते आणि सहकर्जदार रुखमाबाई. मधुकररावांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. एकेक कागद पुढे करून ते काय आहे ते सांगत होते. महादेवराव सह्या करत होते. रुखमाबाई शाळेत शिकलेली सही आठवून आठवून काढत होत्या.

"आजच ड्राफ्ट काढतो," मधुकरराव म्हणाले. "उद्या कॉलेजात पोचेल. जागेची काळजी करू नका, आमचं पत्र पाहून त्यांनी पंधरा सप्टेंबरपर्यंत मुदत दिली आहे."

रुखमाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आता देली मुदत," त्या म्हणाल्या. "माणूस मेल्यावर त्याइले दया आली. साहेब, तुमचं पहिलं पत्र काहून नाही चाललं? त्या पत्रात काय खोट होती?"

"खोट?" मधुकरराव गोंधळले. "ताई, तसंच पत्र मी यंदा आणखी दोन मुलांना दिलं. त्याच कॉलेजने घेतलं. मला वाटलं, तुमचंही..."

"नाही घेतलं म्हणते ना पोरगी! पैसे आणा म्हणाले. म्हणून तर गेले थे धावत." त्यांचा आवाज चढला. काउंटरवरची दोन माणसं वळून बघू लागली. "तुमच्या शिक्क्यात जोर असता तर माहा माणूस घरी झोपला असता त्या सकाळी."

"जाऊ दे अक्का," महादेवराव म्हणाले. "साहेबांचा काय दोष?"

"मंग कोणाचा हाय? कोणाचा तरी असनच ना!"

मधुकररावांनी चष्मा काढला. "मी उद्या स्वतः जाऊन त्या कारकुनाला विचारतो," ते हळू म्हणाले. "असं व्हायला नको होतं. एक पत्र नाकारून..."

गणपतरावांचा तो मोठा आवाज गोपिकाला आठवला, आणि त्या आवाजाला आता न केलेल्या गोष्टीचा जाब द्यावा लागणार हेही लक्षात आलं. ती खुर्चीवरून उठली. तिने टेबलाची कड धरली.

"त्यांना काही विचारू नका," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "आई, त्यांनी नाकारलं नाही. मी पत्र देलंच नाही. लोक हसतीन म्हणून रांगेतून निघून आली मी. बाबाले मी खोटं सांगितलं."