सहा आकडे आणि याडीचा डोळा

माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे आखाडा बाळापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न होऊन तांड्यावर आले, आणि वर्षाच्या आत नवऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दुसरी खुर्ची टाकून बसले. पहिले सहा महिने गिऱ्हाईक यायचं आणि मला विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेले?" मी म्हणायची, "मेकॅनिक तुमच्याशीच बोलून राहिला." देविदास, म्हणजे आमचे हे, मागं बसून हसायचे. माणूस गरीब आहे, पण हसतो फार.

ही गोष्ट २००४ सालची. स्टँडसमोरच्या डॉक्टरांना दवाखान्यात नंबराचा बोर्ड पाहिजे होता. आत दोन खोल्या, एक तपासणीची, एक इंजेक्शन-ड्रेसिंगची. दोन्हीकडं कितवा नंबर चालू आहे ते बाहेर बसलेल्यांना लाल आकड्यांत दिसावं. तीन आकडे एका खोलीचे, तीन दुसऱ्या खोलीचे, असे सहा. मी म्हटलं, मी करते. पंधरा दिवस खपून केला, आणि भिंतीवर लागला त्या दिवशी आमच्या याडीनं, म्हणजे सासूबाईंनी, दवाखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं की हे आमच्या निताचं काम आहे. घरात सगळे त्यांना याडी म्हणतात, आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला तसंच म्हणतात. नाव जिवनबाई.

आता हा बोर्ड कसा चालतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सहा आकडे एकदम पेटलेले नसतातच. एकच आकडा पेटतो, तो विझतो, मग दुसरा, मग तिसरा, अशी फेरी चालते. फेरी इतकी जलद की डोळ्याला सहाही पेटलेले वाटतात. यानं तारा वाचतात, एरवी प्रत्येक आकडा ज्या सात दांड्यांचा बनतो, त्या एकेक दांडीला वेगळी तार ओढत बसा. देविदासला मी असं सांगितलं होतं, की सहा ताटं आहेत आणि वाढणारी एकच बाई आहे. प्रत्येकाच्या वाट्याला तिचा सहावा हिस्सा येतो, म्हणून उजेडही तेवढाच. आणि एका ताटावरून दुसऱ्या ताटाकडं जाताना जो वेळ जातो, तेव्हा कोणालाच काही मिळत नाही. तो वेळ ठेवावाच लागतो, नाहीतर एकाचं वाढप दुसऱ्याच्या ताटात सांडतं, म्हणजे शेजारच्या आकड्यावर फिकट सावली पडते.

मी फेरी ठेवली होती सेकंदाला चारशे. एकदम स्थिर. पण दवाखान्याचं तोंड पूर्वेला, सकाळी ऊन सरळ भिंतीवर. चार दिवसांनी डॉक्टरांनी निरोप पाठवला की सकाळचे आकडे फिके दिसतात, लोक विचारून विचारून डोकं खातात. मी रागारागात गेले, स्टुलावर चढले आणि बोर्डामागचा बारका स्क्रू फिरवून फेरी हळू केली. चारशे फेऱ्यांत वाढणारीचा चौथाई वेळ एका ताटावरून दुसऱ्याकडं चालण्यातच जात होता. फेऱ्या कमी, तर चालणं कमी, वाढणं जास्त. उजेड थोडा वाढला. अजून फिरवला. लुकलुक दिसायला लागली तेव्हा थोडा उलटा घेतला आणि सोडून दिला. सेकंदाला पन्नास. सरळ बघितलं तर लुकलुक नाही, डॉक्टर खूश, मी पण खूश. घाईत केलेलं काम, पण ते मी तेव्हा मान्य केलं नसतं.

त्याच्या आधी याडीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यातल्या गुरुवारची. डाव्यानं तिला नुसतं धुकं दिसायचं. उजवा उघडला तेव्हा ती मला जवळ घेऊन म्हणाली होती, "तू अशी दिसते व्हय, मला वाटलं जाडी असशील." असा हिचा स्वभाव.

तारखेला आठ दिवस राहिले असताना दवाखान्यातला कंपाउंडर हरिचंद देविदासला रस्त्यात भेटला. म्हणाला, "तुमची याडी बीपीच्या गोळ्या न्यायला आली होती. म्हणत होती, आकडे नाचून राहिले." देविदास धावत घरी आले.

"याडी, खरं हाय का?"

"व्हय. डोळाच खराब झाला असंल," याडी म्हणाली. "नंबर हालतात. एकाची वाट लागली, दुसऱ्याला हात लावू देणार न्हाई मी."

देविदासचा चेहरा बघवेना. दुसऱ्याच दिवशी तिला नांदेडला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, डोळा स्वच्छ आहे, दुसराही लवकर करा, उशीर करू नका. याडीनं ऐकलं आणि घरी येऊन तेच म्हणाली, न्हाई म्हणजे न्हाई. देविदास दोन दिवस नीट जेवले नाहीत. रात्री मला म्हणाले, "निता, तिला आंधळी होऊ द्यायची का आपण?"

मला राग आला. याडीवर, हरिचंदवर, सगळ्यांवर. मी म्हटलं, चला, मी बघते काय नाचतं ते.

सोमवारी मी याडीला दवाखान्यात घेऊन गेले. बाकावर बसवलं. भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं, तिनं तारखा बराबर ओळखल्या. तिला अक्षर येत नाही, आकडे येतात. मग बोर्ड दाखवला.

"शून्य, चार, सात," ती म्हणाली. "पण नाचून राहिला."

मी टक लावून बघितलं. आकडे खिळ्यानं ठोकल्यासारखे स्थिर. "कुठं नाचतोय याडी? मला तर एकदम सरळ दिसतो."

"तुला दिसंल. माझा डोळा हाय बाई."

"कॅलेंडर नाचत न्हाई, मंग आकडे काहून नाचतात?"

याडी नुसती चावत राहिली. तिच्या तोंडात फुटाणे होते. दात अजून सगळे शाबूत आहेत तिचे आणि बसल्या जागी तिला काहीतरी चावायला लागतंच. शेजारी तांड्यावरचीच भिकाबाई बसलेली होती. तिनं आपल्या कागदातले मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "खा माय, सकाळपासून चिडून राहिली." मी सकाळी खरंच काही खाल्लं नव्हतं. एक घास तोंडात टाकला आणि रागानं कडाकडा चावत बोर्डाकडं बघितलं.

शून्य, चार, सात तिन्ही वेगवेगळ्या बाजूला हलत होते.

मी चावायचं थांबले. आकडे थांबले. परत चावले. परत हलले. भिकाबाई माझ्याकडं बघत राहिली, तिला वाटलं असेल ही पोरगी वेडी झाली. मी उरलेले सगळे तोंडात टाकले, परत तेच.

फुटाणा दाताखाली फुटतो तेव्हा डोक्याला हादरा बसतो, डोळाही बारीक हलतो. कॅलेंडरवर उजेड सतत असतो, म्हणून तिथं कळत नाही. पण माझे आकडे एकामागून एक पेटतात. एक पेटला तेव्हा डोळा इथं, दुसरा पेटला तेव्हा डोळा तिकडं, म्हणून प्रत्येक आकडा वेगळ्या जागी दिसतो. फेरी जलद असती तर मधल्या वेळात डोळा हलायला जागाच मिळाली नसती. मी पन्नासवर आणून ठेवली होती. म्या माझ्या हातानं.

याडीला काही न बोलता घरी सोडलं. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर बोर्ड उतरवून दुकानात आणला. देविदासला सांगितलं, दोष माझा आहे. ते हसले नाहीत, त्यांनी सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवलं.

नुसती फेरी वाढवली असती तर आकडे परत फिके. करंट वाढवून उजेड वाढवता येतो, पण बाळापुरात लाईट दिवसात दहा वेळा जाते-येते. त्या झटक्यात फेरी फिरवणारी चिप अडकली आणि फेरी थांबली, तर जो आकडा पेटलेला राहील तो पूर्ण करंटवर जळून जाईल. मग राहिला तो मार्ग, जो मी आळसानं टाळला होता. तीन-तीन आकड्यांचे दोन गट केले, दुसऱ्या गटाला सात तारा वेगळ्या ओढल्या. दोन वाढणाऱ्या, तीन-तीन ताटं. प्रत्येक आकड्याला आता तिसरा हिस्सा, म्हणजे उजेड जवळजवळ दुप्पट. मग फेरी तीनशेवर नेली. काम संपायला मंगळवारची दुपार झाली.

याडीला दुकानात बोलावलं, स्टुलावर बसवलं, हातात फुटाणे दिले. "खा आणि बघा."

तिनं खाल्ले. बघितलं. "थांबला," म्हणाली.

मग मी स्क्रू उलटा फिरवला, पन्नासवर. "आता?"

"नाचला."

परत तीनशेवर घेतला. मी तिच्यासमोर खाली बसले. माझ्या तोंडून असं वाक्य सहज निघत नाही, पण काढलं. "याडी, तुमचा डोळा चांगला हाय. माझा बोर्ड वाईट होता. चूक माझी हाय."

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

देविदास हातातलं आयर्न खाली ठेवून वळले.

"घरात चूल नाचत न्हाई, म्हैस नाचत न्हाई, तुझा बोर्ड तेवढा नाचते. मला काय कळत न्हाई? त्या हरिचंदला मी पहिले म्हणलं, बोर्ड नाचते. तो हसला. म्हणे, बाईमाणसानं केलेलं काम, नाचणारच. चार माणसं हसली त्याच्यासंगं. मंग मी म्हणलं, न्हाई बाबा, माझाच डोळा खराब झाला."

"अन् दुसऱ्या डोळ्याचं?" देविदास म्हणाले. "त्याला काहून न्हाई म्हणली?"

"दोन्ही डोळे चांगले झाले असते अन् तरी आकडे नाचले असते, तर मी काय सांगितलं असतं?" तिनं माझ्याकडं बघितलं. "मंग तुझंच नाव गेलं असतं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तिला खूप बोलले. म्हटलं, माझ्या बोर्डासाठी तुम्ही आंधळ्या होणार होत्या, असं कोणी करतं का, मला सांगायला तोंड नव्हतं का. ती फुटाणे खात ऐकत राहिली.

संध्याकाळी दवाखाना उघडल्यावर मी बोर्ड घेऊन गेले आणि तिलाही हाताला धरून नेलं. बाक भरलेले होते. बोर्ड लावला, आणि स्टुलावरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं हरिचंदला सांगितलं, "बोर्ड खरंच नाचत होता. चूक माझी होती, मीच केली, मीच दुरुस्त केली. आमच्या याडीच्या डोळ्यात काही दोष न्हाई. तिनंच पकडली माझी चूक, नांदेडच्या माझ्या मास्तरांनी पकडली नसती." हरिचंद खाली बघत टोकनं मोजायला लागला.

याडी पदर तोंडाला लावून माझ्या आधीच बाहेर पडली. रस्त्यावर मी तिला गाठलं. तांड्याचा फाटा आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "गुरुवारी नांदेडला किती वाजता निघायचं म्हणली?"