पान पालथं केल्यावर

साइला कोर्वेनोयाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला ते आलं आणि कॉफीच्या डब्याला टेकून उभं राहिलं. रोज सकाळी डबा उचलला की पत्र आडवं पडे, आणि मी ते पुन्हा उभं करून ठेवी.

पत्र लहानसंच होतं. "आदरणीय आर्नो, टिपण सोबत आहे. पुढच्या शुक्रवारी दुपारी नगरपालिकेच्या सभेची विषयपत्रिका बंद होते. त्यानंतर विषय थेट शरदात जाईल, आणि मुलं आणखी एक हिवाळा त्याच खोलीत झोपतील. हे पाठवण्याजोगं आहे का, एवढंच सांगा. हो किंवा नाही. मला राग येणार नाही."

शेवटचं वाक्य वाचून मला जास्तच भीती वाटली. राग येणार नाही असं कळवणाऱ्या माणसाला वाईट मात्र वाटतं.

साइला आमच्या संस्थेतली तरुण संशोधक. मी तिथून निवृत्त झालो, तरी कुठलंही टिपण नगरपालिकेकडे जाण्याआधी माझ्याकडे यायचं. का, ते मला कधीच नीट कळलं नाही. मी हुशार नव्हे, फक्त सावकाश वाचतो. मात्र आमच्या संस्थेत एक जुनी रीत होती आणि ती मी पाळत असे. टिपण एकदाच वाचायचं, पान पालथं करायचं आणि कोऱ्या कागदावर एका वाक्यात लिहायचं : हे आपल्याला काय करायला सांगतं? वाक्य जमलं नाही, तर टिपण परत.

हे टिपण रेडॉनविषयी होतं. आमचं गाव खडी-वाळूच्या लांबलचक टेकाडावर आणि त्याच्या पायथ्याशी वसलेलं आहे, आणि तो वायू जमिनीतून वर येऊन बंद घरांत साठतो. त्याला ना वास, ना रंग. फुप्फुसांत गेला की वर्षानुवर्षांनी त्रास देतो. साइलानं चार पाळणाघरांत हिवाळाभर मोजणीच्या काळ्या डब्या ठेवल्या होत्या.

मी वाचलं. पान पालथं केलं. लिहिलं : "टेकाडावरच्या पाळणाघराशेजारी खड्डा खणून, पंखा लावून, जमिनीतली हवा ओढून बाहेर सोडावी." वाक्य सहज आलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि "हो, पाठवावं" असं उत्तर लिहून लिफाफ्यात घातलं. तिकीटही लावलं.

पण पेटीत टाकलं नाही. काहीतरी अडत होतं. नेहमीप्रमाणे मला वाटलं, आपल्यालाच काही कळत नसेल.

बुधवारी माझी थोरली बहीण हेल्वी हेरिंग मासे घेऊन आली. ती दोन मुदती नगरपालिकेत निवडून आलेली, आणि वाचायला तिला कधीच सवड नसे. तिनं बटाटे उकळायला ठेवले आणि लिफाफा पाहिला.

"कोणाला पत्र? तू आणि पत्र? लग्नबिग्न ठरवतोयस की काय?"

"एका टिपणावर मत द्यायचंय."

"मग टाक ना पेटीत. का चंद्रावर जायचंय ते?"

"तू वाचतेस का एकदा?" मी एकदम विचारलं. "सभेत बसल्यासारखं वाच."

"म्हणजे अर्धं लक्ष ठेवून, होय ना?" तिनं चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि भांड्याशी उभ्याउभ्याच वाचायला लागली. मध्येच तिनं काट्यानं बटाटा टोचून पाहिला. मग पानं उलटी ठेवली.

"काय सांगतात ते?" मी विचारलं.

"आणखी अभ्यास करायला सांगतात. पैसे हवेत, दुसरं काय!"

"नाही गं! खड्डा खणायला सांगतात."

"कुठे? दाखव."

मी पानं उचलली. खड्ड्याचा उल्लेख होता, दुसऱ्या पानाच्या मध्यावर : "हवा खेळती ठेवण्याबरोबरच जमिनीतून हवा ओढण्याच्या पर्यायाकडेही लक्ष देता येईल." आणि अगदी शेवटी, जिथे घाईतली नजर थांबते तिथे : "विषयाचा अधिक अभ्यास आवश्यक आहे."

"आणि काळजीचं काय आहे त्यात?" हेल्वी म्हणाली. "सरासरी सुरक्षित मर्यादेच्या खाली आहे म्हणे. मी तर हात वर करून पुढच्या विषयाकडे गेले असते."

"चार इमारतींची सरासरी आहे ती. टेकाडावरच्या इमारतीत झोपायच्या खोलीत मर्यादेच्या दुप्पट आहे. खाली तळटीप बघ."

"तळटीप? आर्नो, सभेत तळटीप कोण वाचतं रे! झोपलेली पोरं तळटिपेत टाकली तुमच्या पोरीनं?"

मी खुर्चीत बसलो. माझं वाक्य टिपणातून आलंच नव्हतं. टेकाडाचं, रेडॉनचं सगळं मी आयुष्यभर वाचत आलो होतो. साइलानं जे सांगायला हवं होतं ते मीच माझ्या डोक्यातून भरलं होतं, आणि पालथ्या पानाआड माझ्याच माहितीचं कौतुक केलं होतं. त्या रीतीत परीक्षा टिपणाची व्हायला हवी. झाली होती माझी.

"आता काय?" हेल्वीनं विचारलं.

"हो म्हटलं तर तुम्ही लोक हात वर करून मोकळे. नाही म्हटलं तर शुक्रवार हुकेल कदाचित."

"मग फोन कर."

"फोनवर मला..."

"माहीत आहे. फोनवर तुला घाम फुटतो. लिही मग. आज टाकलंस तर उद्या तिच्या हातात. मी जेवायला थांबते, पण बडबडत नाही."

ती दोन्ही वचनं तिनं जवळजवळ पाळली.

मी पुन्हा एकदा टिपण वाचलं, या वेळी केवळ पुराव्यासाठी. मोजणी भक्कम होती : हिवाळ्यातली, पुरेशा मुदतीची, खोलीगणिक वेगळी. खड्ड्याचा पुरावाही भक्कम होता, याच टेकाडावरच्या घरांतला, आधीचे नि नंतरचे आकडे घेऊन. हवा खेळती ठेवण्याविषयी मात्र फक्त "उपयोग होईल" एवढंच होतं, आधार काही नाही. चांगल्या पुराव्याशेजारी ते वाक्य उभं होतं आणि त्याचंही वजन कमी करत होतं.

मी जुना लिफाफा फाडला. नवीन कागदावर लिहिलं : "साइला, नाही. असं पाठवू नका. तुमचं काम चांगलं आहे, मांडणी ते झाकते. पहिल्याच ओळीत सांगा : कोणत्या इमारतीत, काय, कधीपर्यंत. झोपायच्या खोलीचा आकडा त्याच्या लगेच खाली. सरासरी काढून टाका. खेळत्या हवेविषयीचं वाक्य आधार नसेल तर काढा. अधिक अभ्यासाची ओळ खरी असेल तर पुढच्या टिपणात लिहा. माझी बहीण सभेत बसत असे. तिनं वाचून पान पालथं केलं, तर तिला तुम्ही पैसे मागताय असं वाटलं. मी मात्र तुमच्या वतीनं उत्तर माझ्याच डोक्यातून भरलं होतं. एका संध्याकाळचं काम आहे. गुरुवारी रात्री जमेल."

"जमेल" लिहिल्यावर मी थांबलो. जमेल हे मला कसं ठाऊक? त्या जागी "जमावं" केलं.

"दाखव," हेल्वी म्हणाली, आणि तिथंच वाचून तिनं कागद पालथा ठेवला. "पहिल्या ओळीत कुठे, काय, कधीपर्यंत. खाली खोलीचा आकडा. बाकीचं काढायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग कोट घाल. पाचला पेटी उघडतात."

बाहेर बर्फ पाण्यासारखं झालं होतं आणि वरून गोठत होतं. मी सावकाश चाललो. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं आणि "नाही" हा शब्द थोडा मऊ करावा. किओस्कपाशी टपालाची गाडी उभी होती आणि माणूस पिवळी पेटी उघडत होता.

"काका, टाकायचंय का? द्या हातातच."

मी दिलं.