बत्तीस अंश

कारखान्याच्या चाचणी-खोलीत काचेपलीकडे चिलर सकाळपासून धडधडत होतं आणि काचेअलीकडे ती एकटीच बसली होती. तशी खोलीत माणसं होती. चाचणीप्रमुख पडद्यासमोर होते, ठेकेदाराचा माणूस खिडकीशी फोनवर होता. पण यंत्र विकणाऱ्यांचं एक घर आणि विकत घेऊन बसवणाऱ्यांचं दुसरं, आणि दोन्ही घरांना एकच गोष्ट हवी होती, तिची सही. हॉस्पिटलचे इंजिनियरसाहेब यायचे होते, त्यांनी आदल्या दिवशी अंग काढून घेतलं. सल्लागार कंपनीतले तिचे साहेब तर येणारच नव्हते. "तूच लिहिलंयस ना ते, मग तूच बघून ये," एवढं म्हणून त्यांनी तिचं तिकीट काढायला लावलं होतं.

लिहिलं होतं तिनंच. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं, पाचशे टन क्षमतेचं चिलर, त्याचं स्पेसिफिकेशन, म्हणजे यंत्र कसं हवं याची कलमं. ऑफिसात ही कागदपत्रं वारसाहक्कानं चालत येतात. मागच्या कामाची फाईल उघडायची, इमारतीचं नाव बदलायचं, आकडे बदलायचे, की झालं. तिनं मात्र बाळंतपणाच्या रजेतच, लेक मांडीवर झोपलेली असताना, एका हातानं ते कलमागणिक नव्यानं लिहून काढलं. क्षमता किती, ती कोणत्या तापमानांना, कारखान्यात चाचणी कशी घ्यायची, उणीव निघाली तर काय, वॉरंटी कशाकशाची. कोणी वाचणार नाही हे माहीत असताना माणूस इतकं का घासून लिहितो, असं नवऱ्यानं विचारलं होतं. तिनं हसून पुढचं कलम उघडलं होतं. घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं, आणि कलमं निदान गप्प बसून ऐकून तरी घेतात, असं काहीतरी तिचं उत्तर असावं.

आता त्याच कलमांचं पान तिच्या मांडीवर होतं. लेक घरी होती, सासूबाईंपाशी. आठ महिन्यांत एक रात्रही ती लेकीपासून लांब राहिली नव्हती. कालची पहिली. वेळेत सही झाली तर दुपारच्या गाडीनं निघून लेकीच्या झोपायच्या वेळेला ती घरी पोहोचणार होती. सगळा जीव त्या गाडीत अडकला होता.

मघाशी तिनं प्रथमोपचाराच्या खोलीची किल्ली मागून घेतली होती. नर्सबाईंनी काही न विचारता दार बाहेरून ओढून घेतलं. आत स्ट्रेचरच्या कडेवर बसून तिनं दूध काढलं आणि बेसिनमध्ये सोडून दिलं. ठेवायला जागा नव्हती, न्यायला कोणी नव्हतं. पांढरी धार नळाच्या पाण्यात मिसळून जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं हात धुतले, कारखान्यानं दिलेले, पायांना मोठे होणारे बूट पुन्हा चढवले आणि काचेच्या खोलीत परत आली.

"मॅडम, स्थिर झालंय," चाचणीप्रमुख म्हणाले. केस पिकलेले, आवाज खालच्या पट्टीतला, कामात मुरलेले गृहस्थ. "बघून घ्या."

पडद्यावर आकडे होते. यंत्रातून बाहेर पडणारं थंड पाणी ६.८ अंश. यंत्रातली उष्णता बाहेर नेणाऱ्या कंडेन्सरमध्ये शिरणारं पाणी ३२.० अंश. कॉम्प्रेसर पूर्ण भारावर. क्षमता ५०३ टन. तिनं हिशोब जुळवून पाहिला. थंड पाण्यातून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज यांची बेरीज कंडेन्सरच्या पाण्यात गेलेल्या उष्णतेशी मिळती-जुळती येत होती, म्हणजे मोजमापं खोटं बोलत नव्हती.

"पाचशेच्या वर तीन. वर दक्षिणा," ठेकेदाराचा माणूस फोन खिशात टाकत म्हणाला. गोल चेहऱ्याचा, सतत घाईत. कालपासून तिला ताई म्हणत होता. "ताई, आता एक फर्स्टक्लास सही, आणि मी तुम्हाला स्टेशनवर सोडतो. गाडी दारातच आहे."

तिनं पेनाचं टोपण काढलंही. कागदावर तिनं लिहिलेलं तापमान होतं बत्तीस, पडद्यावरही बत्तीस. दशांशालासुद्धा फरक नाही. आणि तिथेच तिचा हात थांबला.

बत्तीस यायला नको होतं.

हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या, कंडेन्सरचं पाणी निववणाऱ्या टॉवरचं पाणी यंत्राच्या नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरणार. नळ्यांना आतून थर धरणार, आणि थर धरला की उष्णता जायला अडणार. म्हणून तिनं क्षमता मागितली होती ती थर धरलेल्या नळ्यांसह. कारखान्यातल्या नळ्या कोऱ्या असतात. कोऱ्या नळ्यांवर थराचं सोंग आणायचं तर चाचणीत पाण्याची तापमानं मुद्दाम थोडी बिघडवून घ्यावी लागतात. थंड पाणी मागितल्याहून जरा अधिक थंड काढायचं, कंडेन्सरचं पाणी मागितल्याहून जरा अधिक गरम आत सोडायचं. थंड पाणी तिनं सात अंश मागितलं होतं आणि पडद्यावर ६.८ होतं. म्हणजे त्या बाजूला सोंग आणलेलं होतं. कंडेन्सरच्या बाजूला मात्र मागितलेलं बत्तीस जसंच्या तसं.

"कंडेन्सरच्या थरासाठीची वाढ धरलेली नाही," ती म्हणाली. "ते जवळजवळ तेहतीस हवं."

चाचणीप्रमुखांनी चष्मा कपाळावर सारला, तक्ता उघडला आणि बराच वेळ त्यात पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली. आधीच्या ऑर्डरचा तक्ता पुढे चालवला होता, त्या गिऱ्हाइकानं कंडेन्सर कोराच धरायला सांगितलं होतं, तो रकाना तसाच शून्य राहिला. सात आणि ६.८ मधला फरक डोळ्यांत भरतो, म्हणून तो रकाना सगळे तपासतात. बत्तीसला बत्तीस जुळलं की कोणाची नजर थांबत नाही. त्यांची स्वतःचीही थांबली नव्हती, हे त्यांनी सांगून टाकलं.

ठेकेदाराचा माणूस खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. आवाज मऊ केला. म्हणाला, एका अंशानं काय आभाळ कोसळतंय, पाच-सहा टनांचा फरक पडेल. "हॉलमधले दोन-तीन एसी, ताई. त्यापायी अख्खं चिलर अडवायचं? आणि काही कमीजास्त निघालंच, तर वॉरंटी आहे की. तुम्हीच लिहिलीय, चांगली घसघशीत."

"वॉरंटी यंत्र मोडलं तर आहे," ती म्हणाली. "कमी पडलं तर नाही. कमी पडलेलं फक्त इथेच दिसतं."

हे तिनं कलमात लिहिलं होतं तेव्हा ते नुसतं वाक्य होतं. आता त्याला वजन आलं. एकदा यंत्र इमारतीच्या तळघरात गेलं की त्याला ना असा पक्का भार मिळणार, ना अशी काटेकोर मापं. भर उन्हाळ्यात ऑपरेशन थिएटर गार होईना, तर सगळे पंपाकडे, टॉवरकडे, हवामानाकडे बोट दाखवणार. यंत्राकडे बोट दाखवायची जागा जगात एकच, ही काचेची खोली, आणि तिथे आज ती एकटी होती.

तिनं बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला. आडून आडून हेच विचारायचं होतं, की तुम्ही तरी म्हणा, धरून ठेव. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तिचं म्हणणं बरोबर असल्याचंही कबूल केलं. मग म्हणाले, प्रमाणित नियमांत क्षमतेला थोडी सूट असतेच, बाकीचे सल्लागार ती देतात, आपणच सूट नाही असं लिहिलंय. "म्हणजे तू लिहिलंयस. आता बघ बाई, तुझं तू ठरव. मी तिकडे नाहीये."

फोन बंद झाला. पॅसेजमध्ये रंगाचा वास होता. लेक आत्ता जेवत असेल, तोंडाभोवती सगळं माखून. सही केली तर कोणी विचारणार नव्हतं. खरं तर सही नाही केली तरच सगळे विचारणार होते.

आत येऊन तिनं तेहतीसला चाचणी पुन्हा घ्यायला सांगितलं.

ठेकेदाराच्या माणसानं हात झटकले. पाणी तापणार, स्थिरावणार, मग वाचन घेणार, त्यात आजचा दिवस खलास, हे त्यानं भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. तो दुखावला होता. सकाळचं ताई आता मॅडम झालं. त्याची दुसरीकडे मीटिंग होती, तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "तुम्हाला लहान बाळ आहे ना? मी तुमच्याच सोयीचं बघत होतो." हे त्यानं टोचायला म्हटलं की खरंच कळवळून, ते तिला कळलं नाही. स्टेशनकडे जाणारी गाडी फाटकातून बाहेर पडताना तिला काचेतून दिसली.

दुपारभर ती आणि चाचणीप्रमुख पडद्यासमोर बसून होते. ते चिडले नव्हते. एकदा त्यांनी न विचारता चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. कंडेन्सरचं तापमान चढलं, वरखाली झालं, तेहतीसच्या किंचित खाली येऊन थांबलं. वाचनं एकामागून एक नोंदली गेली. कॉम्प्रेसर पूर्ण भारावर, त्याला आणखी देण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. क्षमता ४९६.

तिला आनंद झाला नाही. मनाच्या कोपऱ्यात तिला वाटत होतं, भरावं पाचशेच्या वर. म्हणजे अडवलं ते अडवलं, पण निदान सही करून निघता येईल.

"कमीच आहे," चाचणीप्रमुख म्हणाले. "कलमाप्रमाणे आम्हाला आता काम करून पुन्हा चाचणी द्यावी लागेल. कंडेन्सर वाढवावा लागेल बहुतेक." अहवालाचा कागद पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "पुन्हा तुम्हीच याल?"

"मीच येणार," ती म्हणाली. दुसरं होतं कोण.

अहवालावर तिनं 'अमान्य' लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि सही केली. त्यांनीही शेजारी केली. मग त्यांनी बटणं दाबली आणि काचेपलीकडची धडधड उतरत गेली, पंप थांबले, पाईपांतलं पाणी गुरगुरून निजलं. सकाळपासून कानात भरलेला आवाज गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत पोहोचून तिनं घरी फोन लावला. गाडी चुकल्याचं तिनं आधीच कळवलं होतं. नवऱ्यानं कुजबुजत उचलला.

"झोपली का?"

"केव्हाच."

"फार रडली?"

"नाही गं," तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला, हे आवाजात कळत होतं. "आज रडलीच नाही. आईच्या खांद्यावर मान टाकली आणि झोपली. तुझी आठवणही काढली नाही. तू काही काळजी करू नकोस."

"बरं," ती म्हणाली. "छान झालं."

तो चाचणीचं विचारत होता, ती सांगत होती. चार टन कमी आलं. हो, अडवलं. हो, एकटीनंच. तो म्हणाला, शाबास. मग फोन ठेवून तो जेवायला गेला. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. छाती पुन्हा दुधानं भरून दुखायला लागली होती. उठून तिनं बेसिनचा दिवा लावला.