सुंदरामावशीचं नाक

सुरतेजवळच्या कोसाडहून सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यात रोज तासभर स्कूटर हाणणाऱ्या जागृतीचं डोकं महिनाभर खाजत होतं. हेल्मेट काढलं की आंबूस वास यायचा, कंगव्यात तुटके केस निघायचे. शेवटी तिने जाहीर केलं, "उद्यापासून हेल्मेट बंद. डोकं फुटलं तर फुटू दे, केस तरी राहतील."

कापड तपासणाऱ्या सुंदरामावशीने तिचं हेल्मेट शांतपणे हुंगलं. गठ्ठ्यातला ओला तागा मावशी दुरूनच वासावरून ओळखायची.

"पोरी, सकाळी न्हाऊन ओल्याच केसांचा घट्ट अंबाडा आत कोंबतेस ना?"

"घाई असते, मावशी."

"ओला तागा आपण बांधतो का कधी? ओले केस नाजूक, घासले की तुटतात. संध्याकाळी न्हा. सकाळी कोरड्या केसांची सैल वेणी घाल, वरून सुती रुमाल बांध, तो रोज धू. हेल्मेटचं अस्तर साबणाने धुऊन पुरतं वाळव."

तीन आठवड्यांत खाज गेली, कंगवा जवळजवळ रिकामा येऊ लागला आणि हेल्मेट डोक्यावरच राहिलं.

आता जेवणाच्या सुट्टीत मावशीपुढे हेल्मेटांची रांग लागते. परवा मॅनेजरही उभे होते. ते कारने येतात. हेल्मेट शेजाऱ्याचं मागून आणलं होतं.

मावशीने हुंगलं. "धुतलेलं आहे. शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा."