एलियाच्या नावाचा ऑगस्ट

‘सीनाकाठ’ साप्ताहिक सात वर्षं बंद होतं. १९४९ साली ते पुन्हा काढायचं संस्थापक नृसिंहराव धर्माधिकाऱ्यांनी मनावर घेतलं, आणि पहिल्या अंकासाठी पत्राचा इतिहास लिहायचं काम पडलं शमुवेल मास्तरच्या गळ्यात. नाही म्हणायची सोय होती कुठे? शाळा रावांची, नोकरी त्यांनी लावलेली, आणि आई हन्नाबाई एकोणीस वर्षं त्यांच्याच आवारातल्या खोलीत राहणारी.

रावांनी वर्षंही सांगून टाकली: संपादक, १९२४ ते १९४२, अखंड. पण शमुवेल पडला चिकट. अंकाच्या तळाशी संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं छापावीच लागतात, म्हणून तो माळ्यावरच्या गठ्ठ्यांतून अंकाअंकाची ती ओळ उतरवत बसला. १९३० चा ऑगस्ट नेमका गायब. सरकारला झोंबलेल्या अग्रलेखाचा तोच महिना, ज्याच्या जोरावर राव आजही हार घालून घेत होते!

मग तो कलेक्टर कचेरीत गेला. मच्छिंद्र कारकुनाने कुरकुरत छापखान्यांचं रजिस्टर काढलं. जुलैअखेरच्या दोन नोंदी होत्या. जप्ती आली तरी वाचावा म्हणून छापखाना रावांच्या पत्नी अंबिकाबाईंच्या नावावर, आणि पत्राचा नवा मुद्रक-प्रकाशक एलिया. सप्टेंबरात सरकारने पत्राकडे जामिनाची रक्कम मागितली, ती भरली नाही म्हणून पत्र बंद. १९३२ मध्ये राव पुन्हा हजर, छापखान्यासकट.

एलिया म्हणजे शमुवेलचा बाप, रावांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. तुरुंगात हगवणीने गेला. लेख जुळवला म्हणून पकडला, एवढंच शमुवेलला ठाऊक होतं. तो तडक आईकडे गेला.

हन्नाबाईने ट्रंक उघडून ऑगस्टचा अंक काढला. तळाशी ओळ होती: संपादक, मुद्रक व प्रकाशक, एलिया.

“राव म्हणाले, पोराला शिकवतो, डोक्यावर छप्पर देतो,” ती म्हणाली. “मीच तुझ्या बापाला म्हणाले, कर सही.”

शमुवेलने सगळं जसंच्या तसं लिहिलं. आता नोकरी गेली, खोली गेली, असं धरूनच त्याने कागद रावांपुढे ठेवले. रावांनी ते दोनदा वाचले. राग नाही, काही नाही!

“खरं आहे. छाप,” ते म्हणाले, आणि कचेरीत द्यायचं प्रतिज्ञापत्र त्यांनी पुढे सरकवलं. या अंकापासून तिन्ही नावं शमुवेलची. रेशनच्या धान्यातल्या बड्या चोरांची नावं घेणारा अग्रलेख रावांनी लिहून ठेवलाच होता.

सही केली तर बापाची जागा, नाही केली तर आई रस्त्यावर.

“तुझ्या सहीबद्दल हन्नाबाईंना सकाळीच विचारलंय,” राव म्हणाले. “विचार करून सांगते म्हणाल्या.”

तेवढ्यात हन्नाबाईच दारात आली. एका कडीला धरून ट्रंक ओढत. तिने खोलीची किल्ली प्रतिज्ञापत्रावर ठेवली.

“या खेपेला मी नाही म्हणते, राव,” ती म्हणाली, आणि लेकाला ट्रंकेची दुसरी कडी धरायला लावली.